बेरजेतून शेवटच्या ओळी सुटल्या आणि इन्व्हॉइस चुकीचं गेलं : क्लायंटला माफीचा मेसेज कसा लिहावा

शीटमध्ये बिल बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणारी ही चूक आहे. कामाच्या ओळी सगळ्या बरोबर, दर बरोबर, पण तळाशी आलेली एकूण रक्कम शेवटच्या दोन-तीन ओळींना न धरताच आलेली. बिल पाठवून दोन दिवस झाल्यावर ते लक्षात येतं आणि आता क्लायंटला कळवायचं असतं. अवघड भाग असा की, या चुकीत रक्कम बहुतेक वेळा कमी लागलेली असते. म्हणजे ज्या मेसेजमध्ये माफी मागायची, त्यातच जास्तीचे पैसेही मागायचे.

असा मेसेज लिहिताना नवखे लोक सगळा जोर माफीच्या शब्दांवर देतात. क्लायंटला मात्र तीन गोष्टी हव्या असतात : खरा आकडा कोणता, तो खरा आहे हे मी कसं पडताळू, आणि माझ्याकडे आलेल्या जुन्या बिलाचं आता काय करू. या तिन्हींची उत्तरं मेसेज लिहायला बसण्याआधी तुमच्याकडे तयार हवीत, म्हणून लिहिण्याआधीच्या पायऱ्या इथे जास्त सविस्तर दिल्या आहेत.

पहिली पायरी : नक्की काय सुटलं ते शोधा

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. एका माहितीपत्रकाच्या मांडणीचं बिल आहे, इन्व्हॉइस क्र. ११४. शीटमध्ये कामाच्या ओळी पाचव्या ओळीपासून सुरू होतात आणि रकमा E कॉलममध्ये आहेत. सुरुवातीला अकरा कामं होती, म्हणजे ओळ ५ ते १५, आणि सोळाव्या ओळीत बेरीज होती. बिल पाठवायच्या आदल्या दिवशी बेरजेच्या ओळीच्या लगेच वर तीन ओळी नव्याने घातल्या. बेरीज खाली सरकून एकोणिसाव्या ओळीत गेली, पण सूत्र होतं तसंच राहिलं :

```
=SUM(E5:E15)
```

असं का होतं? रेंजच्या मधे ओळ घातली की रेंज आपोआप ताणली जाते. पण बेरजेच्या ओळीवर उभं राहून वर ओळ घातली, तर ती नवी ओळ रेंजच्या शेवटच्या सेलच्या खाली, म्हणजे रेंजच्या बाहेर पडते. हाताने आकडे टाइप केले तर एक्सेल कधी कधी रेंज स्वतःहून वाढवतं, आणि तिथेच घोटाळा होतो. चार वेळा आपोआप झालं की पाचव्या वेळी कोणी पाहत नाही. ओळी दुसरीकडून आणून पेस्ट केल्या असतील तर त्यावर अजिबात विसंबू नये.

तपासायला फारसा वेळ लागत नाही. बेरजेच्या सेलवर जाऊन F2 दाबा. ज्या सेल्स बेरजेत धरल्या आहेत त्यांच्याभोवती रंगीत चौकट दिसते, आणि ती चौकट पंधराव्या ओळीवर थांबलेली असेल तर कारण सापडलं. मग Esc दाबून बाहेर या आणि E5 पासून E18 पर्यंतच्या सेल्स माउसने निवडा. खालच्या पट्टीत `Sum` समोर जो आकडा येतो तो सूत्राशी संबंध नसलेला, स्वतंत्र आकडा आहे. आपल्या उदाहरणात सूत्र ६१,५०० दाखवतं आणि पट्टी ६८,५००. एक्सेलमध्ये बेरजेच्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही दिसू शकतो. त्यावर गेलं की `Formula Omits Adjacent Cells` असं लिहून येतं, म्हणजे शेजारचे आकडे सूत्राने सोडलेत. तो त्रिकोण नाही म्हणजे सगळं बरोबर, असं मात्र धरू नका. ही तपासणी सेटिंगमधून बंद केलेली असू शकते.

रेंज वाढवली की काम संपलं असं वाटतं, आणि नेमका इथेच दुसरा खड्डा असतो. पेस्ट केलेल्या ओळींमधले आकडे कधी कधी आकडे म्हणून नव्हे, मजकूर म्हणून येतात. दिसायला ४,८०० दिसतात, पण `SUM` त्यांना मोजत नाही. रेंज E18 पर्यंत नेली तरी बेरीज जागची हलत नाही, किंवा थोडीच हलते. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाकून पाहा :

```
=COUNT(E5:E18)
=COUNTA(E5:E18)
```

पहिलं फक्त खरे आकडे मोजतं, दुसरं भरलेल्या सगळ्या सेल्स. दोन्हींचं उत्तर १४ यायला हवं. पहिलं ११ आणि दुसरं १४ आलं, तर तीन आकडे मजकूर म्हणून बसलेत. त्या सेल्समध्ये आकडा पुन्हा टाइप करा. सेलचा फॉरमॅटच मजकुराचा असेल तर आधी तो बदलून मग टाइप करा.

आता शीट बाजूला ठेवा आणि क्लायंटला गेलेली पीडीएफ उघडा. मेसेज शीटबद्दल नसतो, क्लायंटच्या हातातल्या कागदाबद्दल असतो. बिल पाठवल्यावर शीटमध्ये कोणी काही बदललं असेल, तर शीटवरून काढलेला फरक आणि कागदावरचा फरक जुळणार नाही. पीडीएफमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची : सुटलेल्या तीन ओळी तिथे छापल्या गेल्यात का? छापल्या असतील तर मेसेजमध्ये ‘ओळी यादीत आहेत, बेरजेत धरल्या गेल्या नाहीत’ असं म्हणता येतं, आणि क्लायंट स्वतः बेरीज करून खात्री करू शकतो. प्रिंटची हद्द जुनीच राहिल्याने त्या ओळी पीडीएफमध्येच आल्या नसतील, तर गोष्ट वेगळी. क्लायंटसाठी ती कामं बिलात पहिल्यांदाच दिसणार आहेत. तेव्हा ती कधी ठरली होती, कोणत्या ईमेलमध्ये होकार मिळाला होता, हेही मेसेजमध्ये द्यावं लागतं. या दोन परिस्थितींत एकच मसुदा वापरला तर दुसऱ्या परिस्थितीत तो खोटा ठरतो.

शेवटी, याच शीटची नक्कल करून बनवलेली आधीची बिलं तपासा. निदान या क्लायंटची तरी सगळी. ‘मग आधीच्या बिलांतही असं झालं असेल का?’ हा प्रश्न समोरून येणारच, आणि त्याला ‘बघून सांगतो’ हे उत्तर वाईट दिसतं.

दुसरी पायरी : फरक मांडा आणि पैशांचं काय करायचं ते ठरवा

आपल्या बिलात सुटलेल्या ओळी अशा होत्या : जास्तीच्या दुरुस्त्यांची फेरी ४,८००, छपाईसाठी फाइल तयार करणं ३,२००, आणि ठरलेली सूट उणे १,०००. म्हणजे निव्वळ ७,००० सुटले. समजा करापोटी १० टक्के लागतात, तर जुना हिशेब ६१,५०० अधिक ६,१५०, एकूण ६७,६५० असा होता. खरा हिशेब ६८,५०० अधिक ६,८५०, एकूण ७५,३५०. फरक ७,७००.

हा फरक दोन वाटांनी काढा. एकदा नव्या एकूण रकमेतून जुनी वजा करून, आणि एकदा सुटलेल्या ओळींची बेरीज करून त्यावर कर चढवून. दोन्हीकडून ७,७०० आले पाहिजेत. नाही आले, तर बेरजेच्या चुकीखेरीज आणखी काहीतरी बिघडलेलं आहे, बहुधा कराच्या सूत्रात. दुरुस्तीच्या मेसेजमध्येच पुन्हा चूक निघाली तर तिसऱ्या बिलावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

उदाहरणात सुटलेल्या ओळींमध्ये सूटही होती, हे मुद्दाम ठेवलं आहे. सुटलेली ओळ म्हणजे कमी लागलेली रक्कम, असं डोक्यात पक्कं असतं. पण शेवटच्या ओळींत सूट, आगाऊ घेतलेली रक्कम किंवा परत करायची रक्कम असेल, तर ती सुटल्याने बिल जास्तीचं गेलेलं असतं. या वजावटी बिलात बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लिहिल्या जातात, त्यामुळे हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही.

मग निर्णय. फरक मागायचा, की सोडून द्यायचा? हा तुमच्या धंद्याचा प्रश्न आहे. पण तो मेसेज लिहिण्याआधी सुटला पाहिजे. ‘शक्य असल्यास फरकाची रक्कम द्यावी, नाहीतर हरकत नाही’ असं वाक्य लिहिलं की निर्णय क्लायंटच्या गळ्यात पडतो, आणि त्याच्या अकाउंट्सवाल्याला तर त्याचं काहीच करता येत नाही. मागायचा तर सरळ मागा. सोडायचा तरी बिल दुरुस्त करावंच लागतं, कारण ओळींची बेरीज आणि तळाची रक्कम जुळत नसलेला कागद दोघांच्याही हिशेबात राहायला नको. अशा वेळी सुटलेल्या ओळी बेरजेत धरा आणि खाली ‘विशेष सूट’ म्हणून वेगळी ओळ टाकून जुन्या रकमेवर या.

तिसरी पायरी : दुरुस्त बिल तयार ठेवा

मेसेजसोबत दुरुस्त बिल जायलाच हवं. ‘दुरुस्त बिल लवकरच पाठवतो’ असं लिहिलं तर क्लायंटकडे एक चुकीचं बिल आणि एक आश्वासन उरतं, आणि मधल्या काळात चुकीच्या रकमेचं पेमेंट निघून जाऊ शकतं.

जुन्याच क्रमांकाने, जुन्याच तारखेने, फक्त रक्कम बदललेलं बिल पाठवू नका. एकाच क्रमांकाचे दोन कागद आणि त्यावर दोन रकमा, हे अकाउंट्ससाठी डोकेदुखीचं मूळ असतं. काही ठिकाणी तर क्रमांक आधीच नोंदलेला असल्याने त्यांची प्रणाली दुसरं बिल स्वीकारतच नाही. पैसे अजून आलेले नसतील तर साधारण रीत अशी की जुनं बिल रद्द करून नव्या क्रमांकाने पूर्ण बिल द्यायचं आणि त्यावर ‘हे बिल क्र. ११४ च्या जागी आहे’ असं स्पष्ट छापायचं. पैसे आलेले असतील तर फक्त फरकाचं पुरवणी बिल द्यायचं, त्यावर मूळ बिलाचा क्रमांक लिहून. कराच्या नोंदणीखाली येणाऱ्यांना यातली कोणती वाट घ्यायची आणि त्या कागदाला काय नाव द्यायचं याचे नियम असतात. ते जागोजागी वेगळे असल्याने हा एक प्रश्न तुमच्या हिशेबनिसाला विचारूनच पुढे जा.

फाइलच्या नावातही क्रमांक आणि ‘दुरुस्त’ हा शब्द ठेवा. `invoice_final_2.pdf` अशा नावाची फाइल क्लायंटच्या फोल्डरमध्ये जुन्या बिलाशेजारी पडली की महिन्याभराने कोणती खरी ते कोणालाच सांगता येत नाही. बिल शेअर केलेल्या लिंकवर असेल, तर तिथली फाइल गुपचूप बदलू नका. क्लायंटने ती आधीच उतरवून घेतली असेल आणि त्याला बदल कळणारही नाही.

चौथी पायरी : मेसेज लिहा

आधी एक मसुदा पाहू, जसा घाईत लिहिला जातो :

> नमस्कार मॅडम, आपणांस कळविण्यात येते की काही तांत्रिक अडचणीमुळे मागील बिलामध्ये किरकोळ तफावत आढळून आली आहे. तरी कृपया सोबतचे सुधारित बिल विचारात घ्यावे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. असे पुन्हा होणार नाही याची खात्री बाळगावी.

नम्र आहे, पण यातून काहीच कळत नाही. कोणतं बिल, किती तफावत, कुठल्या दिशेने, हे शोधायला क्लायंटला दोन पीडीएफ शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील. ‘तांत्रिक अडचण’ म्हटल्यावर सॉफ्टवेअरकडे बोट जातं, पण सूत्र तर आपणच लिहिलं होतं. ‘किरकोळ’ हा शब्द तर काढूनच टाका. रक्कम किरकोळ आहे की नाही, हे पैसे देणाऱ्याने ठरवायचं असतं.

आता कामाचा मेसेज. परिस्थिती अशी धरू : पैसे अजून आलेले नाहीत, सुटलेल्या ओळी पीडीएफमध्ये छापलेल्या होत्या, आणि फरक मागायचा आहे.

> विषय : इन्व्हॉइस ११४ : बेरजेत चूक. योग्य रक्कम ७५,३५० (६७,६५० नव्हे)
>
> नमस्कार मॅडम,
>
> ३ तारखेला पाठवलेल्या इन्व्हॉइस क्र. ११४ मध्ये एकूण रक्कम ६७,६५० अशी गेली आहे. ती चुकीची आहे. योग्य रक्कम ७५,३५० आहे, म्हणजे ७,७०० ने जास्त. ही चूक माझी आहे, त्याबद्दल माफ करा.
>
> बिलातल्या शेवटच्या तीन ओळी यादीत आहेत, पण बेरजेत धरायच्या राहून गेल्या होत्या :
>
> अनु. १२, जास्तीच्या दुरुस्त्यांची फेरी : ४,८००
> अनु. १३, छपाईसाठी फाइल तयार करणे : ३,२००
> अनु. १४, ठरलेली सूट : −१,०००
> सुटलेली रक्कम : ७,०००
> त्यावरचा १०% कर : ७००
> एकूण फरक : ७,७००
>
> कामं, दर आणि नग यांत काहीही बदललेलं नाही.
>
> दुरुस्त इन्व्हॉइस क्र. ११९ सोबत जोडलं आहे. ते ११४ च्या जागी आहे. ११४ अकाउंट्सकडे गेलं असेल तर ते रद्द करून हे द्यावं, ही विनंती. पैसे भरण्याची मुदत नव्या बिलाच्या तारखेपासून मोजली आहे, म्हणजे २६ तारखेपर्यंत.
>
> ६७,६५० ची मंजुरी आधीच झाली असेल तर तसं कळवा. ११४ तसंच ठेवून ७,७०० चं वेगळं पुरवणी बिल देण्याबद्दल बोलू.
>
> तुम्हाला याआधी दिलेल्या बिलांच्या बेरजा मी पुन्हा तपासल्या. त्या बरोबर आहेत.

याच्याखाली नाव आणि फोन नंबर, बस.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. विषयाच्या ओळीत दोन्ही आकडे आहेत, कारण पेमेंट करणारा माणूस बऱ्याचदा ईमेल उघडतच नाही, यादीत विषय वाचून पुढे जातो. नुसतं ‘बिलाबाबत’ असं लिहिलं तर तो मेसेज इतर दहा मेसेजमध्ये हरवतो. दोन्ही आकडे दिसले की जुन्या रकमेचं पेमेंट त्याच्या हातून थांबतं.

माफी एकदाच आणि पहिल्या परिच्छेदात आहे. शेवटी पुन्हा माफी मागायचा मोह होतो, पण शेवटी वाचणाऱ्याला ‘आता मी काय करायचं’ ते हवं असतं. कारण जेमतेम एका वाक्यात आहे. रेंज, सूत्र, नव्याने घातलेल्या ओळी हे सगळं क्लायंटला सांगायची गरज नाही. ‘शेवटच्या तीन ओळी बेरजेत धरायच्या राहिल्या’ एवढं कोणालाही कळतं, आणि कागदावर पडताळताही येतं. तांत्रिक तपशील जितका वाढवाल तितकी ती सबब वाटू लागते.

ओळींचे क्रमांक नीट पाहा. शीटमध्ये त्या ओळी १६, १७, १८ आहेत, पण मेसेजमध्ये १२, १३, १४ लिहिलंय, कारण छापलेल्या बिलात अनुक्रमांक तेच आहेत. शीटचे क्रमांक लिहिले असते तर चौदा कामांच्या बिलात सोळावं काम शोधत क्लायंट बसला असता. हा घोळ फार सहज होतो, कारण लिहिताना आपल्यासमोर शीट उघडी असते.

‘कामं, दर आणि नग यांत काहीही बदललेलं नाही’ हे वाक्य छोटं आहे, पण त्यानेच शंका मिटते. रक्कम वाढलेलं बिल पाहिल्यावर पहिला संशय येतो तो दर वाढवल्याचा. आणि मुदत पुढे नेणं ही फक्त सभ्यता नाही. क्लायंटकडे दुरुस्त बिलाची मंजुरी नव्याने घ्यावी लागू शकते. जुनीच मुदत धरून बसलात तर तुमच्या चुकीमुळे त्यांचं पेमेंट उशिराचं ठरेल.

मेसेज ज्याच्याशी कामाचं बोलणं होतं त्याला पाठवा, आणि मूळ बिल अकाउंट्सच्या पत्त्यावर गेलं असेल तर तोही प्रतीत ठेवा. शक्यतो मूळ बिलाच्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, म्हणजे दोन्ही एकत्र सापडतात. फक्त विषयाची ओळ बदलायला विसरू नका, नाहीतर जुनाच विषय जातो. काही ईमेल सेवांमध्ये विषय बदलला की मेसेज वेगळ्या धाग्यात जातो. तरी विषयात बिल क्रमांक असल्याने तो शोधता येतो, आणि विषय बदलणं जास्त महत्त्वाचं आहे.

पेमेंट आज-उद्या निघणार असं माहीत असेल, तर ईमेलच्या आधी फोन करा. फोन लागला नाही तर व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाका :

> नमस्कार मॅडम, इन्व्हॉइस ११४ च्या बेरजेत माझ्याकडून चूक झाली आहे. पेमेंट निघालं नसेल तर कृपया थांबवा. हिशेब आणि दुरुस्त बिल अर्ध्या तासात ईमेल करत आहे.

इथे रक्कम लिहू नका. व्हॉट्सअॅपवरचा आकडा एकाने दुसऱ्याला पुढे पाठवला की त्याच्यासोबतचा हिशेब मागेच राहतो. अर्धा तास म्हटलं तर मात्र अर्ध्या तासात ईमेल गेलं पाहिजे, म्हणून बिल तयार झाल्यावरच हा मेसेज टाका.

पैसे आधीच आले असतील तर

मग सुरुवात पेमेंट मिळाल्याच्या पोचेने करा. क्लायंटने तुमच्या बिलाप्रमाणे सगळं बरोबर केलेलं आहे, आणि ते आधी म्हणायला हवं :

> इन्व्हॉइस ११४ चे ६७,६५० मिळाले, धन्यवाद. तुम्ही बिलाप्रमाणे पूर्ण रक्कम भरली आहे. पण बिलच माझ्याकडून चुकलं होतं : शेवटच्या तीन ओळी बेरजेत धरायच्या राहिल्या. त्यामुळे ७,७०० कमी लागले, त्याबद्दल माफ करा. फरकाचं पुरवणी बिल क्र. ११९ सोबत आहे. ते वेगळं भरणं सोयीचं नसेल तर ही रक्कम पुढच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवता येईल. कोणतं सोयीचं ते कळवा.

‘बाकी’ किंवा ‘थकबाकी’ हे शब्द इथे चुकूनही नकोत. क्लायंटने काही थकवलेलं नाही.

जास्तीचे पैसे लागले असतील, म्हणजे फक्त सवलतीची ओळ सुटली असेल, तर लिहिणं सोपं पण घाईचं आहे. क्लायंटने विचारायची वाट न पाहता कळवा, आणि परत करायची की पुढच्या बिलात वळती करायची हा पर्याय त्यांना द्या. परत करणार असाल तर तारीख लिहा. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी, हे कोणालाच कळत नाही.

उत्तर आल्यावर

बहुतेक वेळा ‘ठीक आहे, नवीन बिल घेतलं’ असं एका ओळीचं उत्तर येतं. त्यावर पुन्हा माफीचा परिच्छेद लिहू नका, ‘धन्यवाद’ पुरे. ‘आमची मंजुरी जुन्याच रकमेची आहे, आता वाढवता येणार नाही’ असं उत्तर आलं तर वाद घालण्यापूर्वी एक विचारा : हे बिल वाढवता येत नाही, की दुसरं वेगळं बिलही घेता येत नाही? या दोन अडचणी वेगळ्या आहेत, आणि पहिलीला पुरवणी बिलाने वाट निघते. काहीच उत्तर आलं नाही, तर तीन-चार कामाच्या दिवसांनी त्याच ईमेलखाली एवढंच विचारा की ११९ क्रमांकाचं बिल अकाउंट्सपर्यंत पोचलं का.

पुढचं बिल बनवण्याआधी शीट दुरुस्त करा

क्लायंटला ‘पुन्हा होणार नाही’ असं वचन द्यायची गरज नाही, पण शीटमध्ये बदल मात्र आजच करायला हवा, कारण पुढचं बिल याच शीटची नक्कल करून बनणार आहे. नुसतं `E15` चं `E18` करणं ही या बिलापुरती मलमपट्टी झाली. पुढच्या बिलात एकोणिसाव्या ओळीत नवं काम आलं की तीच कथा.

सगळ्यात सोपा उपाय : कामाच्या शेवटच्या ओळीखाली एक रिकामी, बारीक उंचीची, फिकट राखाडी रंगाची ओळ ठेवा आणि बेरजेची रेंज त्या रिकाम्या ओळीपर्यंत न्या. आपल्या शीटमध्ये कामं अठराव्या ओळीपर्यंत, एकोणिसावी रिकामी आणि बेरीज विसाव्यात :

```
=SUM(E5:E19)
```

नवी ओळ नेहमी राखाडी ओळीच्या वर घालायची. ती रेंजच्या आत पडते, त्यामुळे रेंज आपोआप वाढते. राखाडी रंग एवढ्यासाठीच की ती ओळ ‘उगाच रिकामी’ समजून कोणी भरू नये की काढून टाकू नये.

दुसरा उपाय जास्त भक्कम आहे : बेरीज, कर आणि अंतिम रक्कम हे तिन्ही कामांच्या यादीच्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत न्या. मग यादीखाली काहीच नसल्याने रेंज निर्धास्तपणे लांब ठेवता येते, जसं `=SUM(E5:E500)`. बिलाच्या डोक्यावरच रक्कम दिसते, तेही क्लायंटला आवडतं. फक्त या रचनेत यादीखाली E कॉलममध्ये कुठलाही आकडा, अगदी फोन नंबरसुद्धा, लिहायचा नाही, नाहीतर तोही बेरजेत जाईल.

बरेच जण एक ‘तपासणीची सेल’ बनवतात आणि तिथेही तीच रेंज टाकतात. मूळ सूत्र E15 वर थांबलं असेल तर तपासणीही E15 वरच थांबते, आणि दोन्ही अगदी छान जुळतात. तपासणीचा आकडा दुसऱ्या वाटेने आलेला असेल तरच तिचा उपयोग. त्यासाठी पीडीएफ तयार झाल्यावर, पाठवण्याआधी, तिच्यावर छापलेल्या ओळींची बेरीज कॅल्क्युलेटरवर करणं हीच सर्वात खात्रीची रीत आहे. चौदा ओळींच्या बिलाला त्यासाठी एक मिनिट लागतं.